खोके तेच, औषध वेगळे

महोदय,

आपल्या आरोग्य पानावर मध्यंतरी अ‍ॅलर्जीच्या औषधांवरच्या मजकुरासोबत बेनाड्रिलच्या खोक्याचे चित्र छापले होते. मजकुरात ‘दिवसातून एक गोळी’ असे होते आणि चित्रातले खोके अमेरिकेतले होते. चूक छोटी वाटेल, पण मी फार्मासिस्ट आहे आणि नेमक्या याच चुकीपायी रोज कोणाशी तरी वाद घालते, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत बेनाड्रिल या नावाखाली डायफेनहायड्रामिन मिळते. त्याने चांगलीच गुंगी येते. प्रौढांसाठी २५ मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या दर चार ते सहा तासांनी, असे त्यावर लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये बेनाड्रिल नावाची अ‍ॅलर्जीची गोळी घेतली तर तिच्यात सेटिरिझिन असू शकते, १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. त्याच नावाच्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅक्रिवास्टिन असते आणि ते दिवसातून तीन वेळा घेतात. आता ब्रिटनमधली सेटिरिझिनची गोळी हातात घेऊन कोणी अमेरिकन खोक्याच्या फोटोप्रमाणे दर सहा तासांनी दोन गोळ्या घेतल्या, तर दिवसाकाठी आठ गोळ्या पोटात जातात, म्हणजे १० ऐवजी ८० मिलिग्रॅम. गंमत म्हणजे अमेरिकेत अ‍ॅलर्जीवर खपणारे तेच डायफेनहायड्रामिन ब्रिटनमध्ये झोपेची गोळी म्हणून दुसऱ्याच नावाने विकले जाते.

कंपन्या असे का करतात, हे लोक हमखास विचारतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. व्यापारचिन्हाचा हक्क देशापुरता असतो. तेच नाव दुसऱ्या देशात दुसऱ्याच कोणाचे असू शकते किंवा कंपनी स्वतःच लोकांच्या तोंडी बसलेले नाव वेगळ्या औषधाला लावते. औषधाला परवानगीही प्रत्येक देशात वेगळी घ्यावी लागते. काही वेळा नाव बदलायला चांगले कारण असते. अ‍ॅसिडिटीवरचे ओमेप्राझोल अमेरिकेत आधी लोसेक नावाने आले, पण चिठ्ठीवरचे लोसेक आणि लघवी वाढवणारे लॅसिक्स यांत गोंधळ होऊ लागला, म्हणून १९९० मध्ये ते प्रिलोसेक झाले. इतर अनेक देशांत लोसेक राहिले. इथे नावे दोन असली तरी औषध एकच आहे, त्यामुळे मला याची फारशी धास्ती वाटत नाही.

धास्ती वाटते ती उलट्या प्रकाराची. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबाबत जाहीर इशारा दिला होता. अमेरिकेत फ्लोमॅक्स प्रोस्टेटसाठी, तर इटलीत फ्लोमॅक्स म्हणजे सूज-वेदनेवरचे औषध. अमेरिकेत डिलाकोर म्हणजे रक्तदाबावरचे डिल्टियाझेम, सर्बियात त्याच नावाने हृदयविकारावरचे डिगॉक्सिन. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच कमी असते, त्यामुळे ही अदलाबदल जिवावर बेतू शकते.

आणि अशा वेळी लोक मोबाइल पुढे करतात, ‘हेच द्या’ म्हणून! फोटो असतो खोक्याच्या दर्शनी बाजूचा, बहुतेकदा इंटरनेटवरून उचललेला. तिथे नाव शोधले की पाच देशांची, दहा वर्षांपूर्वीचीसुद्धा खोकी एकाच रांगेत येतात आणि कुठले कुठल्या देशाचे ते कळत नाही. घटकद्रव्य लिहिलेले असते मागच्या बाजूला किंवा नावाखाली बारीक अक्षरात, आणि फोटोत नेमके तेच कापले जाते. सुट्या गोळीचा फोटो तर त्याहून निरुपयोगी. पिवळ्या दिव्याखाली गुलाबी गोळी नारिंगी दिसते, शेजारी पट्टी नसेल तर आकार कळत नाही. अमेरिकेतल्या गोळ्यांवर सहसा अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो, तो स्पष्ट दिसला तर काम होते. अनेक देशांत असा कोड बंधनकारक नसल्याने तिथली पांढरी गोल गोळी ही नुसती पांढरी गोल गोळी असते.

मी आता समोरच्याला तीनच गोष्टींचे फोटो मागते: घटकद्रव्य आणि त्याचे मिलिग्रॅम, उत्पादकाचा पत्ता, आणि स्ट्रिपची मागची बाजू, तीही न कापलेली. मूळ नाव मिळाले की बहुतेक कोडे सुटते. तिथेही एक फट आहेच. पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि ही दोन औषधे समजून दोन्ही घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

आपल्याला विनंती एवढीच, की औषधाचे चित्र छापाल तेव्हा त्याखाली घटकद्रव्याचे नाव, मात्रा आणि खोके कुठल्या देशातले ते छापावे. तेवढी जागा नसेल, तर चित्र गाळावे.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक