सुहासला पत्र: तुझ्या उभ्या घड्याळाचं वय

पुणे

प्रिय सुहास,

फोटो मिळाले. घड्याळ देखणं आहे यात शंका नाही, पण दुकानदाराचं ‘साधारण १७८०’ मला पटत नाही. त्याचा सगळा भर पेटीच्या डोक्यावरच्या त्या दोन हंसमानेसारख्या वळणांवर दिसतोय. ती वळणं तेव्हा होती हे खरं, पण इंग्लंडच्या उत्तरेकडचे सुतार १८०० नंतरही कित्येक वर्षं ती करत होते. लंडनची फॅशन यॉर्कशरला पोचायलाच दहा-वीस वर्षं लागायची आणि एकदा पोचली की हलायचं नाव घ्यायची नाही. म्हणून मी वय काढताना सगळ्यात जुना भाग शोधत नाही, सगळ्यात उशिराचा शोधतो. तो भाग मूळचाच असेल, तर घड्याळ त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

सुरुवात डायलपासून करू. तुझा डायल पांढरा, रंगवलेला लोखंडी आहे. असे डायल बर्मिंगहॅमच्या ऑस्बर्न आणि विल्सन यांनी १७७२ मध्ये जाहिरात देऊन बाजारात आणले. त्याआधी पितळी डायलच चालायचे. म्हणजे १७७२ ही खालची हद्द झाली, आणि इथवर दुकानदार बरोबर. पण पहिल्या पंचवीस-तीस वर्षांचे रंगीत डायल बघशील तर ते फार सोवळे असतात. मध्ये भरपूर पांढरी जागा, कोपऱ्यांत एखादं गुलाबाचं फूल किंवा स्ट्रॉबेरी, थोडी उठावाची सोनेरी नक्षी. तुझ्या डायलवर चारही कोपरे चार ऋतूंच्या चार बायकांनी गच्च भरलेत आणि वरच्या कमानीत गाय, ओढा, पडकी गढी असं अख्खं गाव आहे. ही भरगच्च चित्रं १८३० च्या आसपासची.

आता आकडे. जुन्या रंगीत डायलवर तासांचे रोमन आकडे आणि त्यांच्या बाहेर मिनिटांचे ५, १०, १५ असे आकडे असतात. १८०० च्या सुमारास मिनिटांचे आकडे फक्त १५, ३०, ४५, ६० एवढेच उरले आणि तासांचे आकडे काही वर्षं आपल्या नेहमीच्या इंग्रजी अंकांत लिहिले जाऊ लागले. पुढे मिनिटांचे आकडे गेलेच आणि तासांचे पुन्हा रोमन झाले. तुझ्याकडे रोमन तास आहेत आणि मिनिटांना फक्त रेघा आहेत, म्हणजे हा शेवटचा टप्पा. काटेही तेच सांगतात. तुझे दोन्ही पितळी आणि एकाच नक्षीचे आहेत. १७८० च्या घड्याळात काटे पोलादी असते आणि बहुधा एकमेकांशी जुळलेही नसते. काटे कोणीही बदलू शकतो, म्हणून नुसत्या काट्यांवर मी पैज लावणार नाही, पण इथे ते डायलशी सहमत आहेत.

पेटीकडे बघ. डायल चौदा इंच रुंद असल्यामुळे पेटी अंगानं सुटलीय आणि मधला दरवाजा आखूड झालाय. बारा इंची डायलच्या जुन्या पेट्या सडपातळ असतात, दरवाजा लांबलचक. ही ढेरपोटी अंगलट १८२० ते १८५० ची, उत्तरेकडची.

लंबकाबद्दल तू विचारलंस, पण त्याचा उपयोग कमी. साधारण १६७० नंतर अँकर आला, म्हणजे लंबकाच्या प्रत्येक झोक्याला चाकाचा एकेक दात सोडणारा नांगराच्या आकाराचा तुकडा. त्याआधीच्या यंत्रणेत लंबक आखूड असे आणि खूप हले. अँकरमुळे झोका लहान झाला, म्हणून सुमारे ९९ सेंटिमीटरचा, एका झोक्याला एक सेकंद घेणारा लांब लंबक अरुंद पेटीत मावू लागला. तोच लंबक पुढे जवळपास दोनशे वर्षं तसाच राहिला, त्यामुळे लांबीवरून दशक कळत नाही. शिवाय लंबक हरवतात, दुसऱ्या घड्याळाचे येतात. पण लंबकाची *जागा* बोलते. पेटीत टॉर्च घालून मागच्या फळीवर बघ. गोळा घासून झालेला कमानीसारखा ओरखडा एकच असेल आणि आताच्या गोळ्याच्या उंचीवर असेल तर ठीक. दोन वेगवेगळ्या उंचीवर ओरखडे असतील तर त्या पेटीत आधी दुसरं मशीन होतं.

टोल्यांचं सांगतो, कारण त्यात लोक हमखास फसतात. टोले मोजायच्या दोन पद्धती. जुन्या पद्धतीत एका चाकाच्या कडेला खाचा असतात आणि खाचांमधलं अंतर एक, दोन, तीन असं वाढत जातं. याला काउंटव्हील म्हणतात. काटे कुठे आहेत याच्याशी त्या चाकाला काही देणंघेणं नसतं, म्हणून काटे पुढे ढकलताना टोले पूर्ण होऊ दिले नाहीत तर काट्यांवर चार आणि कानावर तीन. दुसरी पद्धत रॅकची, म्हणजे दातेरी पट्टीची, १६७६ मध्ये एडवर्ड बार्लोनं काढलेली. तिच्यात तासाच्या काट्याबरोबर बारा पायऱ्यांची चकती फिरते, आणि रॅकची शेपटी ज्या पायरीवर टेकेल तितके टोले पडतात. काटे आणि टोले कधी चुकत नाहीत. एकदा चावी दिली की आठ दिवस चालणाऱ्या घड्याळात साधारण १७२० नंतर रॅकच असतो. तीसच तास चालणाऱ्या घड्याळात मात्र काउंटव्हील अगदी शेवटपर्यंत वापरलं. म्हणून ‘काउंटव्हील आहे, म्हणजे फार जुनं’ हे वाक्य कोणी ऐकवलं तर आधी विचार, घड्याळ किती दिवसांचं? डायलवर चावीची दोन भोकं असतील तर बहुतेक आठ दिवसांचं. पण काही तीस तासांच्या डायलवर उगाच ऐट म्हणून खोटी भोकं रंगवलेली असतात, तेव्हा चावी घालूनच खात्री कर. आणि टोला घंटेवर पडतो ना, तेही ऐक. उभ्या नळ्यांवर वाजत असेल तर तो भाग १८८० नंतरचा.

माझा अंदाज १८३० ते १८४५. तो मोडायचा असेल तर डायलच्या मागे जा. डायल आणि मशीन यांच्यामध्ये ओतीव लोखंडी पट्टी असते, तिला फॉल्स प्लेट म्हणतात, आणि तिच्यावर डायल करणाऱ्याचं नाव उठवलेलं असू शकतं. तिथे विल्सन निघाला तर माझी पंचाईत, कारण त्याचं काम १८०९ च्या सुमारास संपलं. मशीनच्या पुढच्या पत्र्यावर रिकामी भोकं दिसली तर डायल नंतर बसवलाय. आणि मशीन ज्या फळीवर बसतं तिच्याखाली ताजे लाकडी तुकडे ठोकलेले असतील तर पेटी परकी आहे. डायलवर यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या ज्या घड्याळजीचं नाव अर्धवट दिसतंय ते विकणाऱ्याचं समज. डायल बर्मिंगहॅमहून यायचे, पेटी गावचा सुतार करायचा.

या सगळ्यापुढे आमच्या आत्याकडचं भिंतीवरचं सेथ थॉमस म्हणजे सुट्टीच. ही अमेरिकन कंपनी काही दशकं पेटीच्या मागे शाईनं वर्ष उलटं छापायची आणि पुढे महिन्याचं अक्षर. तिच्यावर ८९८१ आणि एच आहे, म्हणजे ऑगस्ट १८९८. घरात सगळे ते पणजोबांच्या मुंजीतलं म्हणतात. मुंज त्याआधीच झाली होती, पण हे सांगायला मी काही जाणार नाही. गंमत म्हणजे अशाच स्वस्त अमेरिकन आणि जर्मन घड्याळांनी तुझ्या उभ्या घड्याळाचा धंदा १८७० पर्यंत बसवला.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाशील तेव्हा डायलच्या मागचा, फळीचा आणि पेटीच्या आतला असे तीन फोटो काढ. दुकानदार डायलवरचा लाकडी टोप काढू देत नसेल तर १७८० चे पैसे देऊ नकोस. टोप पुढे ओढला की सरकून निघतो, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. वहिनींना नमस्कार, आणि ते लोणचं कुरिअरनं पोचलं का ते कळव.

तुझा,
मोहन