पंचेचाळिशीनंतर फक्त ‘टिकवायचं’?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘करिअरचे टप्पे’ हा लेख वाचला आणि त्यातल्या रंगीत कोष्टकाचा राग आज सकाळपर्यंत उतरलेला नाही, म्हणून लिहिते. १५ ते २४ शोध, २५ ते ४४ स्थिरावणे, ४५ ते ६४ टिकवणे, ६५ नंतर निवृत्ती. चार चौकोन, चार रंग, खाली ‘तुम्ही कुठे आहात ते पाहा’. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक म्हणून नोकरी केली आणि हेच कोष्टक मुलांना शिकवलं. ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांचं आहे, हे लेखात कुठंच नाही. त्याहून वाईट म्हणजे सुपर यांनी त्या चौकोनांच्या आत जे भरलं होतं, ते सगळं वगळून फक्त वयं छापली आहेत.

‘टिकवणे’ या टप्प्यापुरतंच बोलते, कारण माझ्या घरात जळालेलं तेच आहे. लेखिका म्हणतात, ‘या वयात नवीन काही मिळवण्यापेक्षा असलेलं सांभाळणं महत्त्वाचं.’ सुपर यांच्या मांडणीत या टप्प्याची कामं तीन आहेत. मिळवलेलं हातातून निसटू न देणं हे एक. आपल्या कामात बाहेर जे बदलतंय ते शिकून घेणं हे दुसरं. आणि आपल्याच कामात नवी रीत काढणं हे तिसरं. तुमच्या लेखात पहिलंच आलं. बाकीची दोन गेली की माणसाच्या हातात फक्त भीती उरते.

आमचे हे पॅटर्न मेकर. उद्यमनगरात एका कारखान्यात लागले, नंतर शिरोलीच्या एका फौंड्रीत गेले. कोल्हापुरात फौंड्री कुणाला सांगायला नको, पण पॅटर्न मेकर काय करतो हे शेजारच्यांनाही नीट माहीत नसतं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून वाळूत ठसा उमटवायला जो सागवानी पॅटर्न करतात, तो ड्रॉइंगपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. साध्या बीडाला ढोबळमानाने शंभराला एक, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर. त्यासाठी यांच्याकडे वेगळी स्केल होती, तिच्यावरचे आकडे आधीच तेवढे ताणलेले. ही स्केल घरी कुणी साध्या पट्टीसारखी वापरली की हे चिडायचे.

हे पन्नाशीच्या आसपास असताना कंपनीनं लाकडी पॅटर्न हळूहळू बंद करायचं ठरवलं. ड्रॉइंग संगणकावर, तिथून थेट मशीनवर ॲल्युमिनियमचा पॅटर्न. शिकायला कुणाला पाठवायचं याची यादी झाली. यांनी स्वतःहून नाव दिलं होतं. ते खोडून दोन तरुण पोरांची नावं गेली. हे विचारायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, “काका, तुमचं आता सांभाळायचं वय. कशाला डोक्याला ताप करून घेताय?” हे घरी आले, जेवले, काही बोलले नाहीत. रविवारी लेख वाचताना मला साहेबांचं तेच वाक्य छापील अक्षरात दिसलं.

पुढं काय झालं ते लेखिकेला मुद्दाम सांगायचं आहे. दोन टोकांना फ्लँज, म्हणजे चकतीसारख्या रुंद कडा, आणि मध्ये पोकळ नळी असलेल्या एका कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं काम आलं. फ्लँजच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ६०० मिलिमीटर. शिकून आलेल्या पोरानं संगणकात सगळा आकार एक टक्क्यानं मोठा केला, त्या हिशोबानं ६०६ चा पॅटर्न झाला. कास्टिंग आली, मशीन शॉपला गेली आणि तिथून तक्रार आली की फ्लँज पातळ निघतेय. पोरानं सांगितलं, मशीनवाल्यांनी सेटिंग चुकवली असणार. दोन दिवस भांडण.

यांनी एक कास्टिंग मागवून सरफेस प्लेटवर ठेवली आणि मार्किंग केलं. सेटिंग चुकली असती तर एक फ्लँज पातळ आणि दुसरी जाड निघाली असती. इथं दोन्ही सारख्याच पातळ होत्या, प्रत्येकी पाऊण-एक मिलिमीटरनं. आणि मशीनला न लागलेल्या कास्टिंगमध्येही दोन फ्लँजच्या आतलं अंतर जास्त भरत होतं. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. दोन फ्लँजच्या मध्ये दाबून भरलेली वाळू असते, नळीत पोकळी राहावी म्हणून वाळूचाच घट्ट गाभा, म्हणजे कोअर असतो. लोखंड आकसायला बघतं आणि वाळू त्याला अडवते. अशा आकाराला पूर्ण एक टक्का आकसायला मिळतच नाही. पाऊण टक्क्याच्याही आत आकसलं की ६०६ चा पॅटर्न ६०० वर न येता पावणेदोन मिलिमीटर जास्त भरतो. बाहेरची कड घासून मापात आणली की फ्लँजची जाडी जाते. यांनी सांगितलं, सगळीकडे एकच आकडा लावू नका, त्या लांबीला वेगळा लावा. तसा पॅटर्न दुरुस्त केल्यावर फ्लँज मापात आली.

मला यातून तो पोरगा अडाणी होता असं म्हणायचं नाही. त्याला संगणक येत होता, जे यांना येत नव्हतं. यांना वाळू माहीत होती, जी त्याला माहीत नव्हती. म्हणून तर यांना शिकायला पाठवायला हवं होतं. सुपर यांनी सांगितलेलं दुसरं काम, बदलतंय ते शिकणं, हे जुन्या माणसाला जमतं तेव्हाच तिसरं शक्य होतं. कंपनीनं दुसऱ्याचं दार बंद केलं आणि तिसरंही आपोआप गेलं.

हे शेवटी स्वतःच्या पैशानं शिकले. राजारामपुरीत संध्याकाळचा क्लास लावला. पहिल्या महिन्यात माउस धरून मनगट दुखायचं, शेजारी विशीतली मुलं. घरी येऊन म्हणायचे, “मला येतंय का नाही तेच कळेना.” मी समुपदेशक असून मला तेव्हा उमगलं की हा माणूस परत ‘शोध’ या टप्प्यात आलाय. सुपर यांनी स्वतः हे मांडलं होतं: नवं तंत्र, नोकरी जाणं, आजारपण, असं काही आलं की माणूस कुठल्याही वयात ते टप्पे छोट्या रूपात पुन्हा चालतो. आधी स्वतःबद्दल चाचपडणं, मग काय जमेल ते आजमावणं, मग पुन्हा स्थिरावणं. यांनी आधी तीन मितीत चित्र काढायचा नाद केला, तो सोडून फक्त पॅटर्नची विभागणी आणि कोअर बॉक्स यावर आले आणि तिथं बसले. वर्षभरात पंचविशीतल्या माणसाला जे करावं लागतं ते सगळं केलं, पन्नाशी ओलांडून. तुमच्या कोष्टकात याला जागाच नाही.

सुपर यांचा अभ्यासही कुठला होता हे वाचकांना सांगायला हवं होतं. १९५१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाऊनच्या शाळकरी मुलांपासून त्यांनी सुरुवात केली आणि त्या मुलांचा पुढं वर्षानुवर्षं माग काढला. सगळे मुलगेच. त्या काळी तिथं एकाच व्यवसायात आयुष्य काढणं नेहमीचं होतं. ती वयं कोल्हापुरातल्या कामगाराला, पोरं मोठी झाल्यावर नोकरीला लागणाऱ्या बाईला जशीच्या तशी लावणं अन्याय आहे. आणि सुपर यांचा जन्म १९१० चा. माणूस एकाच वेळी मूल, विद्यार्थी, कामगार, गृहस्थ असतो हे सांगणारं त्यांचं इंद्रधनुष्याचं चित्र १९८० च्या लेखात आलं, म्हणजे सत्तरीत. तुमच्या चौकोनाप्रमाणे ते तेव्हा निवृत्तीत होते.

निवृत्तीच्या टप्प्याबद्दल लेखात दोनच ओळी आहेत, त्यात ‘छंद जोपासा’. त्या टप्प्याचीही कामं ठरलेली आहेत: आधी वेग कमी करणं, मग पुढची आखणी, मग निवृत्तीनंतरचं जगणं. यातलं पहिलं काम कंपनीनं यांना करूच दिलं नाही. ५८ व्या वर्षी शाल, श्रीफळ, फोटो, दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नाही. शेवटच्या वर्षात यांच्या हाताखाली एकही माणूस दिला नाही. नंतर मात्र फोन सुरू झाले, “काका, ही वाली कास्टिंग फाटतेय, काय करू?” वेग कमी करणं म्हणजे काय ते यांनी नंतर स्वतःच ठरवलं. आधी मोठी लाकडी कामं सोडली, कमरेमुळे. मग तारखेची कामं सोडली, रात्रीची झोप जायची म्हणून. ड्रॉइंग तपासून देणं ठेवलंय, दोन छोट्या फौंड्र्यांना, सकाळी तीन तास. तिथल्या पोरांना जवळ उभं करून तपासतात. हे सगळं कंपनीत शेवटच्या दोन वर्षांत झालं असतं तर तिचाच फायदा होता.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर पाहिलं. ‘अनुभवी पॅटर्न मेकर पाहिजे, वय ३५ पर्यंत.’ अनुभवी आणि पस्तीसच्या आत, दोन्ही एका ओळीत. जाहिरात तुम्ही लिहीत नाही हे मला कळतं. पण ज्या कामात वयाचा काही संबंध नाही तिथं ही अट का, एवढं जाहिरात घेणाऱ्यानं विचारायला काय हरकत आहे? उद्यमनगरात पस्तीसच्या पुढचे कितीतरी हुशार हात ही ओळ वाचून पेपर घडी करून ठेवतात.

पुढच्या रविवारी कोष्टक पुन्हा छापणार असाल तर प्रत्येक टप्प्याच्या खाली त्यातली कामं छापा, आणि वयांच्या पुढं ‘साधारण’ हा शब्द घाला. लेखिकेला एखाद्या फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये यायचं असेल तर आमचे हे घेऊन जातील, मी विचारलंय त्यांना.

कळावे,
आपली एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर