बोर्डावर १० अँप लिहिलंय, आत वायर ३ अँपची: रिफंड आणि लेखी उत्तर हवंय

कस्टमर केअर टीम, नमस्कार.

तुमच्या सहा सॉकेटच्या, पाच मीटर वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल ही माझी दुसरी तक्रार. पहिल्या तक्रारीवर तुमचं उत्तर आलं की "ग्राहकाने ओव्हरलोड केल्यामुळे नुकसान झालं, वॉरंटीत बसत नाही". ते वाचून आधी डोकं फिरलं, मग शांत बसून बोर्ड उघडला, वायर कापली, सगळं मोजलं, आणि आता जे लिहितोय ते मोजून लिहितोय, त्यामुळे थोडं लांबलंय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी काय झालं ते. बोर्डावर माझा डेस्कटॉप, दोन मॉनिटर, स्पीकर, राउटर आणि लेझर प्रिंटर एवढं लावलेलं. चार महिने काही त्रास नाही. त्या दिवशी कॉम्प्युटरवर व्हिडिओ रेंडर चालू होता आणि त्याच वेळी दोनेकशे पानांचं प्रिंटिंग लावलं. पंधरा-वीस मिनिटांनी वास यायला लागला, तो जळका नाही, गरम प्लॅस्टिकचा गोडसर वास असतो ना तसा. मला वाटलं प्रिंटरचा टोनर असेल म्हणून दुर्लक्ष केलं, माझीच चूक. मग टेबलाखाली हात घातला तर वायरचं गुंडाळं इतकं तापलेलं की दोन सेकंदांच्या वर हात ठेववेना. सगळं बंद करून प्रिंटरचा प्लग काढला तर त्या सॉकेटचं पांढरं प्लॅस्टिक भोकाभोवती चहासारखं तपकिरी झालेलं आणि प्लगची एक पिन काळी पडलेली. बोर्डावरचं ते लाल ओव्हरलोड बटण मात्र जागचं हललं नव्हतं, आणि घरातला १६ अँपचा एमसीबीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे यावरच येणार आहे.

तुमच्या माणसाने फोनवर माझा लोड असा जोडला: एसएमपीएस ६५० वॅट, प्रिंटर १०००, दोन मॉनिटर ८०, बाकी ४०, म्हणजे १७७० वॅट, "सर हे खूप जास्त होतं". अहो पण तुमच्याच बॉक्सवर मोठ्या अक्षरात "२५०० वॅट हेवी ड्यूटी" छापलंय! तुमचाच हिशोब धरला तरी मी ७३० वॅटने खाली आहे, मग ओव्हरलोड कसला.

आणि तो हिशोब मुळात चुकीचाच आहे. एसएमपीएसवर लिहिलेले ६५० वॅट म्हणजे तो आत पार्ट्सना जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, भिंतीतून तो सतत ६५० ओढत बसत नाही. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर आहे, तो लावून प्रत्येक वस्तू वेगळी मोजली. कॉम्प्युटर नुसता चालू असताना ८५ वॅट, रेंडर करताना ३९०. मॉनिटर प्रत्येकी ३२. राउटर आणि स्पीकर मिळून २१. म्हणजे प्रिंटर सोडून पूर्ण सेटअप फुल लोडवर ४७५ वॅट, २३० व्होल्टने भागलं की जेमतेम २.१ अँप. खरा खादाड प्रिंटर. नुसता उभा असताना ८ वॅट, पण आतला हीटर लागला की मीटर एकदम ९५० वर जातो, काही सेकंदांनी खाली येतो, परत वर जातो, आणि लांबलचक प्रिंटिंग असेल तर हे सतत चालू राहतं. म्हणजे सगळं एकत्र असताना हीटरच्या झटक्याला १४२५ वॅट, ६.२ अँप. १० अँपच्या बोर्डाला ६.२ अँप म्हणजे आरामात चालायला पाहिजे, बरोबर?

आता तुमची वायर. बाहेरच्या काळ्या आवरणावर बारीक अक्षरात ०.७५ स्क्वेअर एमएम, तीन कोअर असं छापलंय. इथेच पहिली गडबड आहे, कारण साध्या पीव्हीसीच्या लवचिक वायरीत ०.७५ साधारण ६ अँपसाठी धरतात, १ स्क्वेअर एमएम १० अँपसाठी आणि दीड १६ अँपसाठी. ०.७५ ची वायर १० अँपच्या कॉर्डला चालवतात ती जास्तीत जास्त दोन मीटरच्या छोट्या कॉर्डला, पाच मीटरला नाही. म्हणजे बॉक्सवर एक आणि वायरवर दुसरं, दोन्ही तुम्हीच छापलेलं.

पण मग वाटलं आता उघडलंच आहे तर मोजूनच बघू. टोकाजवळ वायर कापली, फेजच्या कोअरचं इन्सुलेशन दोन सेंटीमीटर सोललं, पांढऱ्या कागदावर त्या बारीक तारा सुईने वेगळ्या केल्या आणि मोजल्या. सोळा. परत मोजल्या, सोळाच. न्यूट्रलच्या कोअरमध्येही सोळा. व्हर्नियरने एका तारेची जाडी ०.२ मिलिमीटर आली. ०.२ ची एक तार म्हणजे क्षेत्रफळ ०.०३१४, गुणिले सोळा, ०.५ स्क्वेअर एमएम. खऱ्या ०.७५ मध्ये अशा २४ तारा असतात आणि १ मध्ये ३२. आवरण जाड ठेवलंय म्हणून वायर हाताला दणकट लागते, मीही दुकानात हात लावूनच फसलो, आतलं तांबं मात्र छापलेल्याच्या दोन तृतीयांशच. (ब्लेडने एक तार खरवडून पण पाहिली, आतून लालच निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा नाहीये, खरं तांबं आहे. तेवढं मान्य करतो.)

०.५ ची वायर साधारण ३ अँपची. आता जोडून बघा. बटण १० अँपला पडणार, वायर ३ अँपची, आणि माझा लोड ६.२. तीन ते दहाच्या मधे जे काही होईल त्याच्यावर राखण कोणाची? बटणाच्या दृष्टीने सगळं ठीक, एमसीबीच्या दृष्टीने तर अजूनच ठीक, आणि वायर बिचारी दुप्पट करंट घेऊन तापत बसलीये. म्हणून बटण पडलं नाही. ते बिघडलेलं नाही, ते ज्या आकड्याला लावलंय तो आकडाच तुमच्या वायरला झेपणारा नाही.

किती तापते त्याचाही हिशोब केलाय. ०.५ च्या तांब्याच्या लवचिक वायरीचा रेझिस्टन्स मीटरला ०.०३९ ओहम. पाच मीटर जायचे आणि पाच यायचे, म्हणून ०.३९ ओहम. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे नुसता कॉम्प्युटर असताना २.१ अँपला पूर्ण वायरीत दोन वॅटही होत नाहीत, म्हणूनच चार महिने काही कळलं नाही. पण हीटर लागला की ६.२ अँपला तेच १५ वॅट होतात. करंट तिप्पट, उष्णता जवळजवळ नऊपट. हीच वायर दीड स्क्वेअर एमएमची असती तर तेवढ्याच लोडला ५ वॅट झाले असते. आणि तुमच्या बॉक्सवर विश्वास ठेवून कोणी खरंच १० अँप ओढले तर तुमच्या वायरीत ३९ वॅट, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढे!

इथे माझी एक चूक आहे, लपवत नाही. सॉकेट टेबलापासून दोन मीटरवर, म्हणून उरलेली तीन मीटर वायर मी मुठीएवढी गुंडाळून टाय मारून टेबलामागे अडकवली होती, तीही कॉम्प्युटरची गरम हवा जिथे बाहेर पडते तिथेच. वायर मोकळी पसरलेली असती तर उष्णता हवेत गेली असती, गुंडाळीत मधल्या वेढ्यांची जायला जागाच नाही. १५ पैकी ९ वॅट त्या एका मुठीत होते. टायचा खळगा वायरवर अजून तसाच आहे, पीव्हीसी मऊ पडल्याची खूण. साधं पीव्हीसी ७० डिग्रीसाठी असतं आणि हीटर चालू-बंद होत होता म्हणून मधे मधे गार व्हायला वाव मिळत होता, नाहीतर काय झालं असतं माहीत नाही. पण मग "वायर पूर्ण उलगडून वापरा" हे बॉक्सवर, बोर्डावर, माहितीपत्रकावर कुठेच का नाही? पाच मीटरची वायर देताय म्हणजे लोक गुंडाळणारच.

सॉकेट जळलं ते वेगळं प्रकरण, त्याचा वायरशी संबंध नाही. बोर्डाचं झाकण काढलं तर प्रिंटरच्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या फाकलेल्या, प्लग घातला तर नुसता लोंबकळत होता. ढिल्या कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स ०.२ ओहम जरी धरला तरी प्रिंटरच्या ४ अँपला एका टाचणीएवढ्या जागी तीनेक वॅट उष्णता, प्लॅस्टिक तपकिरी व्हायला तेवढं पुरतं. चार महिन्यात तो प्लग मी फार तर सहा-सात वेळा काढला असेल.

आणि हो, ते २५०० वॅट. ते तुम्ही २५० व्होल्ट गुणिले १० अँप करून काढलंय. २३० व्होल्टला १० अँप म्हणजे २३०० वॅटच. तुमच्या खऱ्या वायरला धरून लिहायचं तर ७०० वॅटच्या आत लिहायला पाहिजे, आणि मग "हेवी ड्यूटी" शब्द पण काढा.

आता मला काय हवंय. बोर्डाचे पूर्ण पैसे परत, बदली बोर्ड नको, तोच माल परत येणार. या मॉडेलमध्ये वायर किती स्क्वेअर एमएमची आणि किती तारांची ठरवलेली आहे ते लेखी. आणि माझा एकच पीस असा निघाला की पूर्ण बॅच, ते गोडाऊनमधले दोन-चार पीस कापून मोजून सांगा, तारा मोजायला पाच मिनिटं लागतात. बॅच तशीच असेल तर दुकानातला माल परत घ्या, लोक त्याला इस्त्री आणि हीटर लावत असतील. "आपली तक्रार नोंदवली आहे" असं उत्तर पाठवू नका, ते मागच्या वेळी मिळालंय.

सध्या प्रिंटर भिंतीच्या वेगळ्या सॉकेटवर टाकलाय आणि बाकी सेटअप दोन मीटरच्या दीड स्क्वेअर एमएमच्या बोर्डावर, तासभर रेंडर लावून हात लावला तर वायर गारच.

सोबत फोटो जोडलेत: बॉक्स, वायरवरचा छापा, कागदावर पसरलेल्या सोळा तारा, व्हर्नियर, जळलेलं सॉकेट आणि वॅट मीटरचे आकडे. बोर्ड तपासायला हवा असेल तर पाठवतो, पण वायरचा एक मीटरचा तुकडा कापून माझ्याकडे ठेवणार आहे.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक