जाहीर सूचनांतले ‘आय.ई.’ आणि ‘ई.जी.’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात मराठी बातम्यांच्या जोडीने इंग्रजी जाहीर सूचनाही छापून येतात. प्रवेशाच्या, भरतीच्या, निविदांच्या, वसतिगृहांच्या. आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केल्यामुळे त्या मी बारकाईने वाचतो. त्यांतली एक चूक वारंवार दिसते आणि तिचा भुर्दंड अर्जदाराला बसतो. ‘आय.ई.’ आणि ‘ई.जी.’ ही लॅटिन संक्षेपरूपे एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यांच्या शेवटी ‘एट्सेट्रा’ जोडला जातो, ती ही चूक.

ई.जी. म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’, उदाहरणादाखल. त्याच्या पुढे दोनचार गोष्टी येतात त्या नमुन्यादाखल; त्यांच्याशिवाय आणखीही असू शकतात हे त्यात गृहीतच असते. आय.ई. म्हणजे ‘इद एस्त’, म्हणजेच. त्याच्या पुढे जे येते तो आधीच्या शब्दाचा पुरा अर्थ असतो, त्याबाहेर काही उरत नाही. पहिल्याने यादी उघडी राहते, दुसऱ्याने ती बंद होते. एट्सेट्रा म्हणजे ‘आणि बाकीचे’, तोही यादी उघडीच ठेवतो. शाळेत ही तिन्ही रूपे आपण पाठ करतो, पण यादी उघडी की बंद हा फरक बहुधा कोणी सांगत नाही. त्यामुळे पुढे कार्यालयात बसून सूचना लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात आणि हाताला येईल ते तो वापरतो.

यातून काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या ओळखीची काटोलची एक मुलगी नागपुरात खोली भाड्याने घेऊन शिकते. शहरातल्या एका संस्थेने शिष्यवृत्तीचे अर्ज मागवले होते. अट अशी होती की अर्जदाराने नागपूर शहरातल्या सध्याच्या रहिवासाचा पुरावा जोडावा. पुढे कंसात लिहिले होते : ‘आय.ई. रेशनकार्ड, वीजबिल, एट्सेट्रा’. तिचे नाव वडिलांच्या रेशनकार्डावर, आणि ते कार्ड काटोलचे. खोलीचे वीजबिल घरमालकाच्या नावावर. तिच्याकडे होता तो नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, ज्यावर तिचे नाव, खोलीचा पत्ता आणि मुदत हे सगळे होते. काउंटरवरच्या बाबूंनी तो परत केला. म्हणाले, “ताई, आय.ई. लिहिलं आहे. म्हणजे हेच कागद लागतील.” ती म्हणाली, “पण सर, शेवटी एट्सेट्रा आहे ना?” दोघेही छापील मजकुरावरच बोट ठेवून बोलत होते आणि दोघांनाही त्या मजकुराचा आधार होता.

ही ओळ नीट पाहिली तर तिचे तीन वेगळे अर्थ निघतात. आय.ई.ला महत्त्व दिले तर पुरावा म्हणजे रेशनकार्ड आणि वीजबिल, बस. त्यातही दोन्ही हवेत की कोणतेही एक चालेल हे कळत नाही, कारण मध्ये फक्त स्वल्पविराम आहे. एट्सेट्राला महत्त्व दिले तर यादी उघडी राहते आणि भाडेकरार चालायला हवा. तिसरा अर्थ जरा सावध माणसाचा : एट्सेट्रा म्हणजे वाटेल तो कागद नव्हे, आधीच्या दोहोंच्या जातीचाच कागद. पण रेशनकार्ड आणि वीजबिल यांची समान जात कोणती? सरकारी खात्याने किंवा वीजकंपनीने दिलेला कागद म्हणायचे, तर दोन माणसांनी आपसांत केलेला करार बाहेर पडतो. पत्ता अधिकृतपणे नोंदलेला कागद म्हणायचे, तर तोच करार आत येतो, कारण तो दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. तो करार आत की बाहेर, हे ज्याच्या हातात अर्ज पडेल त्याच्या समजुतीवर राहिले.

आपल्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, वकील मंडळी हे पत्र वाचतील, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कायद्यातल्या व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर व्याख्या बंद, ‘इन्क्लूड्स’ असेल तर उघडी, हा अर्थ लावण्याचा जुना आणि पक्का नियम आहे. विशेष शब्दांच्या मागून आलेला मोघम शब्द त्यांच्याच जातीपुरता वाचायचा, या नियमालाही कायद्यात लॅटिनच नाव आहे : ‘एजुस्डेम जेनेरिस’. कायद्याचा मसुदा करणारे या एकेका शब्दावर इतका विचार करतात. सूचनेतली आय.ई. आणि ई.जी. नेमके तेच काम करतात. तिथे मात्र हा विचार होत नाही.

मुलगी वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेली. त्यांनी करार पाहिला आणि लगेच मान्य केला. त्यांच्या मनात ती यादी नमुन्याचीच होती. तिचे काम झाले. पण काउंटरवरूनच परत गेलेल्या भाडेकरू मुलांना वरच्या मजल्यावर जाऊन विचारण्याचे सुचले असेल का, याची मला काळजी वाटते. ते बाबू माझ्या मते चुकले नव्हते. त्यांनी छापलेला शब्द जसाच्या तसा वाचला. चूक मसुद्यात होती.

आता दुरुस्ती. आय.ई. काढून ई.जी. घातले आणि शेवटचा एट्सेट्रा उडवला, की निदान विरोध तरी मिटतो. ई.जी. असताना एट्सेट्रा लागतच नाही, कारण ही यादी अपुरी आहे हे आधीच सांगून झालेले असते. ‘सच अ‍ॅज’ किंवा ‘फॉर एक्झाम्पल’ने सुरू झालेल्या यादीलाही हेच लागू. आय.ई.च्या यादीला एट्सेट्रा जोडणे तर थेट परस्परविरोधी आहे : ‘हेच, आणि आणखीही’. सूचना तपासणाऱ्याने हे दोन्ही एका कंसात दिसले की तिथेच थांबावे, लिहिणाऱ्याला नेमके काय हवे होते ते त्याला माहीत नव्हते, असे समजावे आणि फोन करून विचारावे.

पण अर्जदारासाठी तेवढ्याने भागत नाही. ई.जी. लिहिल्याने आपला कागद चालण्याची शक्यता आहे एवढेच त्याला कळते, चालेलच हे कळत नाही. ज्या सूचनेवरून कोणाचा अर्ज बाद होऊ शकतो, तिथे या संक्षेपांना जागाच देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘खालीलपैकी कोणताही एक कागद जोडावा’ असे लिहून चालणारे सगळे कागद एकाखाली एक छापावेत : रेशनकार्ड, स्वतःच्या किंवा घरमालकाच्या नावाचे वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार. जाहिरातीत दोन ओळी वाढतील, तेवढा खर्च संस्थेने करावा.

इतरत्र, लेखात, अहवालात किंवा प्रबंधात ही रूपे खुशाल वापरावीत. शंका आली तर वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. तिथे ‘उदाहरणार्थ’ बसत असेल तर ई.जी., ‘म्हणजेच’ बसत असेल तर आय.ई. ‘विदर्भातली संत्र्याची मोठी बाजारपेठ, म्हणजेच नागपूर’ असे म्हणायचे असेल तर आय.ई.; ‘विदर्भातली शहरे, उदाहरणार्थ अकोला आणि अमरावती’ असे म्हणायचे असेल तर ई.जी. दुसऱ्या वाक्यात आय.ई. घातले तर यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा ही शहरेच नाहीत असा अर्थ होतो.

विरामचिन्हांबद्दल थोडे. ई.जी. आणि आय.ई. ही दोन-दोन शब्दांची आद्याक्षरे, म्हणून टिंबे द्यायची तर दोन्ही अक्षरांनंतर द्यावीत. काही ब्रिटिश वृत्तपत्रे एकही टिंब देत नाहीत, तेही चालते. नुसते शेवटी एक टिंब देऊन मधले गाळणे मात्र कोणत्याच पद्धतीत बसत नाही, आणि आपल्याकडे तेच सर्वांत जास्त दिसते. एट्सेट्राच्या संक्षेपाला एकच टिंब, शेवटी. वाक्य तिथेच संपत असेल तर पूर्णविरामाचे दुसरे टिंब द्यायचे नाही, पण प्रश्नचिन्ह आले तर टिंब राहते आणि त्यानंतर प्रश्नचिन्ह येते. त्याच्या आधी ‘अँड’ लिहू नये, कारण त्यातला ‘एत’ म्हणजेच ‘आणि’. प्रबंधांत सहलेखकांसाठी येणाऱ्या ‘एट अल’मध्ये टिंब फक्त ‘अल’नंतर येते, कारण ‘एट’ हा अख्खा शब्द आहे, त्यातले काही तोडलेले नाही. संशोधक विद्यार्थ्यांच्या टंकलिखितांत या ‘एट’वर मी किती लाल खुणा केल्या असतील!

ई.जी. आणि आय.ई.नंतर स्वल्पविराम द्यावा का, यावर वाद होतो, पण तो चूक-बरोबरचा वाद नाही. अमेरिकी पद्धतीत देतात, ब्रिटिश पद्धतीत सहसा देत नाहीत. आपण शाळेत ब्रिटिश पद्धत शिकलो, पण संगणकावरची भाषा अमेरिकी ठेवलेली असली की व्याकरण तपासणारी सोय स्वल्पविराम मागते, आणि एकाच परिपत्रकात दोन्ही तऱ्हा उतरतात. कोणतीही एक धरावी आणि शेवटपर्यंत पाळावी. या संक्षेपांच्या आधी मात्र स्वल्पविराम किंवा कंस हवाच, दोन्ही पद्धतींत.

आणखी एक बाब अंध वाचकांची आहे. ब्रिटिश सरकारने 2016 मध्ये आपल्या संकेतस्थळावरून ही संक्षेपरूपे हटवायचे ठरवले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या काही प्रणाली बिनटिंबाच्या ई.जी.चा उच्चार ‘एग’, म्हणजे अंडे, असा करत होत्या, हे त्यामागचे एक कारण होते. आपल्याकडचेही बहुतेक अर्ज आता ऑनलाइन भरले जातात आणि दृष्टिहीन मुलेही ते भरतात. त्यांच्यासाठी तरी ‘फॉर एक्झाम्पल’ आणि ‘दॅट इज’ पूर्ण लिहावे.

आपल्या जाहिरात विभागाला माझी एक विनंती पोहोचवावी. सूचनेचा मजकूर संस्थेचा असतो, तो आपल्याला बदलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पात्रतेच्या किंवा कागदपत्रांच्या अटीत आय.ई. आणि एट्सेट्रा एकत्र आढळले, तर छापण्यापूर्वी मुद्रितावर तिथे खूण करून ते संस्थेकडे एकदा परत पाठवावे आणि यादी एवढीच आहे का, असे विचारावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
धंतोली, नागपूर