ताईच्या रिसेप्शनला लावलेल्या त्या फोटोसाठी, स्टुडिओवाल्या काकांना

काका, परवा घाईत तुम्हाला नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

2019 च्या पुरात सांगलीतलं आमचं घर पाण्यात होतं, त्यात हा 2001 च्या दिवाळीतला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला. मी दोन वर्षांचा, ताई पाच वर्षांची, तिने मला दोन्ही हातांनी कवळा घालून उचललंय आणि माझे पाय लोंबतायत. आधी एका दुकानात नेला तर त्यांनी ओढून काढायला घेतला आणि कोपऱ्यातल्या आजीचा चेहरा काचेलाच राहिला, नुसता रंगाचा ओरखडा. तुम्ही बघितल्या बघितल्या म्हणालात, आता याला हात लावायचा नाही, फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की गोंद होतो आणि वाळला की काचेला धरतो, ओढलं तर चित्रच सुटून येतं.

मग तुम्ही काचेसकटच फोटो काढलात, दोन्ही बाजूंनी तिरका लाईट, कॅमेऱ्यामागे काळं कापड म्हणजे काचेत काही दिसायला नको. चिकटलेला भाग गडद आणि सुटलेला फिकट दिसत होता, ते डाग एकसारखे करायला तुम्हाला चार रात्री लागल्या. आजीचा चेहरा दुसऱ्या फोटोवरून बसवा म्हणून मी किती मागे लागलो, तुम्ही नाही म्हणालात ते नाहीच, जे कागदावर उरलंय तेवढंच साफ करणार. तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो.

हॉलवाल्याने उभा फोटो आडव्या स्क्रीनभर ताणला असता, पण तुम्ही 1920×1080 ची फाईल करून दोन्ही बाजू काळ्या ठेवून पेनड्राईव्हवर दिलीत त्यामुळे चेहरे जसेच्या तसे दिसले.

मी दोनच मिनिटं बोललो. आधी खराब झालेला फोटो लावला आणि म्हटलं, "तायडे, हा पुरात गेला असं आपण धरून चाललो होतो." मग दुसरा लावला. "दाजी, सकाळी तुमचा कान पिळला तो मान म्हणून, पण हिने मला कसं धरलंय ते बघून ठेवा, आणि माझ्या पाठीमागे हिरव्या बांगड्यांचा हात दिसतोय ना, तो आमच्या आजीचा, मी पडू नये म्हणून." एवढंच, पुढचं पाठ केलेलं सगळं विसरलो, कारण ताई स्टेजवरून उतरून स्क्रीनजवळ गेली आणि त्या हातापाशी बोट नेऊन उभी राहिली. आईने पण बांगड्या ओळखल्या. बनवलेला चेहरा असता तर दोघी तो आजीसारखा आहे की नाही हेच बघत बसल्या असत्या, आता कळतंय तुम्ही का अडून बसलात.

शनिवारी रुखवतातले बुंदीचे लाडू घेऊन येतो, काच आणि फोटो तोपर्यंत तुमच्याकडेच राहू दे, आडवा ठेवा.