गृहमंत्री महोदय, बनावट प्रोफाइलची तक्रार आमच्या ठाण्यातच नोंदवून घ्या

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला ही रोजची कामं. पण आता लोक मोबाइल पुढे करून विचारतात, "भाऊ, माह्या नावानं कोणीतरी दुसरंच खातं काढलं, काय करू?"

एकच प्रकरण सांगतो. आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचा फोटो आणि नाव उचलून कोणीतरी फेसबुकवर दुसरं खातं उघडलं आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना मैत्रीची विनंती पाठवली. मग मेसेज सुरू झाले. सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झाली आहे, घरचं फर्निचर आणि फ्रिज स्वस्तात देतोय, आगाऊ रक्कम पाठव. ही चाल देशभर जुनी झाली, पण गुरुजींच्या नावानं आली की कोण शंका घेणार? कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेल्या एका पोरानं 8,000 रुपये पाठवले आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन केला, "सर, पैसे भेटले का जी?" तेव्हा कुठे बिंग फुटलं.

पुढे जे झालं ते प्रत्येक गावात होतं. गुरुजींच्या मुलानं ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी रिपोर्ट मारा." पाचपन्नास जणांनी मारला, संध्याकाळपर्यंत खातं गायब. गावाला वाटलं जिंकलो. सकाळी ठाण्यात गेले तर विचारणा झाली, "खातं कुठे आहे? दाखवा." दाखवायला काय होतं? व्हॉट्सॲपवर फिरून धूसर झालेला एक स्क्रीनशॉट. त्यात नाव आणि फोटो होता, पण नाव आणि फोटो तर गुरुजींचेच.

खरी ओळख असते खात्याच्या लिंकमध्ये. फेसबुकवर एकाच नावाची शेकडो खाती असतात. नाव बदलता येतं, फोटोही बदलता येतो, पण `profile.php?id=` च्या पुढचा आकडा त्या एकाच खात्याचा असतो. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर दाबलं की लिंक कॉपी करायचा पर्याय मिळतो. पोलिसांनी कंपनीला पत्र लिहिलं तर ते याच लिंकच्या आधारे. म्हणून आता मी लोकांना सांगतो, रिपोर्ट नंतर मारा, आधी लिंक कॉपी करून स्वतःलाच मेसेज करा. मग ज्याला मेसेज आले त्याच्या मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावा आणि प्रोफाइल, तिथली लिंक, चॅट असं सलग दाखवत जा, तारीख-वेळ दिसू द्या. अश्लील फोटो टाकला असेल तर मात्र लिंक घेतली की लगेच रिपोर्ट करा, बाकीच्यासाठी थांबू नका.

गुरुजींच्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा पुरावा त्यांच्याकडे नव्हताच, तो त्या पोराच्या फोनमध्ये होता. मूळ चॅट त्याच्याकडे, यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक त्याच्याकडे, पैसे कोणत्या आयडीवर गेले तेही त्याच्याकडे. त्यानं रागाच्या भरात चॅट उडवली नाही, हे नशीब. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन लागला असता तर पैसे पुढे सरकण्याआधी ठगाचं बँक खातं गोठण्याची शक्यता होती. दोन दिवसांनी कोणाच्या हाती काय लागणार?

आता आपल्या गृहखात्याकडे वळतो. ठाण्यात गुरुजींना दोन गोष्टी सांगितल्या: हे अदखलपात्र आहे, आणि हे आमच्याकडे होत नाही, जिल्ह्याच्या सायबरला जा.

पहिली गोष्ट सरळ चुकीची आहे. फसवणुकीच्या हेतूनं दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे, आणि संगणक-मोबाइलच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणूक केली तर कलम 66ड लागतं. दोन्हीत 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या 77ब प्रमाणे हे गुन्हे जामीनपात्र आहेत, पण दखलपात्रच आहेत. शिवाय भारतीय न्याय संहितेचं तोतयेगिरीचं कलम 319 आहेच.

दुसऱ्या गोष्टीत अर्धं तथ्य आहे, आणि तिथेच आपला हात लागायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 78 म्हणतं की त्या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. ग्रामीण भागातल्या कितीतरी ठाण्यांचे ठाणेदार सहायक निरीक्षक असतात. त्यामुळे तपास त्यांना करता येत नाही, हे मान्य. पण ही अट तपासाची आहे, नोंदणीची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. प्राथमिक चौकशी करायची तर उपअधीक्षकांच्या परवानगीनं, 14 दिवसांत. गुन्हा नोंदवा आणि कागद निरीक्षकाकडे पाठवा, एवढंच तर आहे. कागदानं जायचा प्रवास सत्तरीच्या म्हाताऱ्यानं एसटीनं का करावा?

हा उशीर नुसता मनस्तापाचा नाही. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रारीवरून काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीनं तपासासाठी 180 दिवस जपायच्या असतात. म्हणजे गायब झालेलं खातं पुसलं गेलेलं नसतं, कोणत्या नंबरवरून उघडलं, कुठून लॉगिन झालं हे तिथे असतं. पण अर्ज "चौकशीवर" म्हणून फाइलमध्ये पडून राहिला की ते दिवस सरतात आणि मग कंपनीचं उत्तर येतं, नोंद उपलब्ध नाही. सिम भलत्याच्याच नावावर निघण्याचा धोका तर वेगळाच.

म्हणून मागणी अशी आहे. प्रत्येक ठाण्याला एक पानी मराठी परिपत्रक जाऊ द्या: तक्रार नाकारायची नाही, लिंक लिहून घ्यायची, आणि नोंदी जपून ठेवण्याची सूचना कंपनीला त्याच दिवशी जिल्ह्याच्या सायबर शाखेमार्फत पाठवायची.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग फोनवाल्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक, काढून त्यात लिहायचा असतो. आमच्याकडे तो तज्ज्ञ कोण? फोटो स्टुडिओतून स्क्रीनशॉटची रंगीत प्रत काढून आणली की झालं, असं लोकांना वाटतं, आणि काही जमादारांनाही. तालुक्याला हे काम करणारा एक माणूस नेमून द्या.

तोवर मी येणाऱ्याला एवढं सांगतो: ठाण्यानं नाकारलं तर तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. cybercrime.gov.in वर केलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. कंपनीनं खातं काढायला नकार दिला तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही.

गुरुजींचा अर्ज अजून चौकशीवर आहे. 180 पैकी बरेच दिवस गेले आहेत.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, जिल्हा यवतमाळ