रेषा उलट्या वाचल्या तरी

महोदय,

गेल्या आठवड्यात जत्रेत एका हात पाहणाऱ्याने माझ्या बहिणीचा डावा तळवा पुढे ओढला. अंगठ्याभोवती वळलेली ती आयुष्यरेषा, मधली मस्तकरेषा, बोटांखालची हृदयरेषा. तो बोलत होता रेषांवर, पण नजर होती तिच्या चेहऱ्यावर! ‘कष्टाचं चीज झालं नाही’ म्हणताच तिचे डोळे भरले आणि पुढचं सगळं तिनेच सांगून टाकलं. घरी येताना मात्र म्हणाली, “त्याने सगळं अचूक ओळखलं.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रे हायमन तरुणपणी हात पाहत असत आणि त्यांचा हस्तसामुद्रिकावर विश्वासही होता. मनकवडेपणाचे प्रयोग करणारे स्टॅन्ली जॅक्स यांनी त्यांना मुद्दाम उलटं भविष्य सांगायला सुचवलं. म्हणजे हृदयरेषा भावनाप्रधान सांगत असेल, तर ‘तुम्ही मनातलं बोलत नाही’ म्हणायचं. तरीही लोक तितकेच खूश! कारण मोघम वाक्यात आपला प्रसंग आपणच बसवतो, न जुळलेलं विसरतो.

तळव्याच्या या मुख्य घड्या तर आईच्या पोटातच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पडलेल्या असतात. बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, “पण कष्टाचं त्याला कसं कळलं?” तिच्या तळव्यावरचे घट्टे मी दाखवले.

– एक वाचक, सातारा